चारशे बावन्न नंबरचं व्हाउचर दोनदा आलं

एका शिक्षणसंस्थेचं अंतर्गत लेखापरीक्षण माझ्याकडे आहे. शाळा तालुक्याला, मुख्य कार्यालय पुण्यात. पूर्वी महिन्यातून एकदा एसटीने जाऊन व्हाउचरच्या फायली उलटायच्या. आता शाळेचा लिपिक दर सोमवारी आठवड्याच्या व्हाउचरचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि मी ते पुण्यात बसून तपासते. रोजकिर्दीतल्या प्रत्येक खर्चापुढे त्याचा कागद ठेवून बघणं, यालाच आम्ही व्हाउचिंग म्हणतो. पैसे कुणाला दिले, कशासाठी दिले, द्यायला कुणी सांगितलं आणि दुकानदाराचं बिल कुठे आहे, एवढीच विचारणा असते. कागद हातात असो की पडद्यावर, विचारायचं तेच. पडद्यावर फसगत मात्र वेगळ्या जागी होते.

जुलै २०२५ चं उदाहरण घेते. शाळेचं व्हाउचर बुक छापील क्रमांकाचं आहे. जुलैचं पहिलं व्हाउचर ४११, शेवटचं ४६८, म्हणजे ५८ व्हाउचर हवीत. फोटो आले ५६. दोन कमी, असं कुणीही म्हणेल आणि तिथेच चुकेल. फोटो मोजायचे नसतात, क्रमांक मांडायचे असतात. एक्सेलमध्ये क्रमांक चढत्या क्रमाने लावले आणि शेजारच्या रकान्यात हे सूत्र खाली ओढलं:

```
=A3-A2
```

सगळीकडे १ यायला हवा. २ किंवा ३ आला तर मध्ये खाच आहे, शून्य आला तर तोच क्रमांक पुन्हा आलाय. ४२६ नंतर ४२८ होतं, ४३९ नंतर एकदम ४४२. आणि ४५२ दोनदा. म्हणजे कमी दोन नव्हती, तीन होती. एका जादा फोटोने एक खाच झाकली होती. जूनचं शेवटचं व्हाउचर ४१० आणि ऑगस्टचं पहिलं ४६९ हेही बघून घेतलं, कारण गहाळ कागद बऱ्याचदा दोन महिन्यांच्या सांध्यात पडलेला असतो आणि प्रत्येक महिना वेगळा तपासला तर तो कुणालाच दिसत नाही.

क्रमांक तुटला म्हणजे पैसे खाल्ले असं नाही. ४२७ लिहिताना चुकलं होतं, म्हणून रद्द केलं होतं. रद्द व्हाउचर फाडून टाकायचं नसतं, आडव्या रेघा मारून बुकातच ठेवायचं असतं, आणि ते तसं होतंही. रद्द कागदाचाही फोटो पाठवायचा असतो, एवढंच लिपिकाला माहीत नव्हतं. ४४० आणि ४४१ बद्दल विचारलं तेव्हा त्याने तत्परतेने दोन्हींचा फोटो पाठवला. तारीख नाही, नाव नाही, रक्कम नाही. आणि खाली 'मंजूर' या शब्दावर मुख्याध्यापकांची ठसठशीत सही.

"मॅडम, सर चौदा ते अठरा ट्रेनिंगला होते. काम अडू नये म्हणून सह्या करून ठेवल्या होत्या. लागल्याच नाहीत."

त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, आणि मला जास्त काळजी वाटली ती त्यामुळेच. कोऱ्या व्हाउचरवरची सही ही कोऱ्या चेकवरच्या सहीपेक्षा वाईट. चेकवर निदान खात्याचं नाव छापलेलं असतं आणि तो वटवायला बँकेत जावं लागतं. इथे रोकडपेटी लिपिकाच्याच टेबलात.

आता ४५२. पहिला फोटो २१ जुलैच्या सोमवारी आला होता, फाइलचं नाव `IMG-20250721-WA0014.jpg`. व्हाउचर १७ जुलैचं, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरावर घालायच्या पत्र्यांचं, ९,६०० रुपये रोख. मंजुरीचा चौकोन कोरा. मी २३ तारखेला विचारणा केली आणि दुसऱ्या दिवशी `IMG-20250724-WA0003.jpg` आला. तेच व्हाउचर, डाव्या कोपऱ्यात तोच चहाचा अर्धा गोल डाग, रेव्हेन्यू स्टॅम्पवर दुकानदाराची तीच सही. फक्त मंजुरीच्या चौकोनात आता सही होती आणि तिच्याखाली १७/७. त्या दिवशी मुख्याध्यापक ट्रेनिंगला होते.

मी मूळ फाइल चाळत बसले असते तर हे मला कधीच कळलं नसतं. फायलीत सही असलेला एकच कागद राहिला असता आणि मी त्यावर हिरव्या पेन्सिलने टिक मारून पुढे गेले असते. फोटोत कागदाचं पुष्कळ काही हरवतं. खाडाखोडीचा खरखरीतपणा बोटाला लागत नाही, शाईचा ताजेपणा कळत नाही, मागची बाजू दिसत नाही. पण तो कागद सोमवारी कसा होता, हे फोटो धरून ठेवतो.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. फाइलच्या नावातली तारीख फोटो व्हॉट्सअॅपवर गेल्या-आल्याची आहे, काढल्याची नव्हे. फोटो म्हणून पाठवलं की कॅमेऱ्याने टिपलेली वेळ व्हॉट्सअॅप पुसून टाकतं. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर वेळ टिकते. अर्थात मोबाइलचं घड्याळच मागे केलं असेल तर तीही खोटी.

उरलं बिल. मुख्याध्यापकांना १०,००० रुपयांपर्यंतच मंजुरीचा अधिकार आहे, त्यावर शाळा समितीचा ठराव लागतो. ४५२ चं बिल क्रमांक २१४, तारीख १७. तीन व्हाउचर पुढे, ४५५ ला, त्याच हार्डवेअर दुकानाचं बिल २१५, तारीख १८, पुन्हा पत्रेच, रक्कम ८,९००. बिलावर संस्थेचं नाव बरोबर, बेरीज बरोबर, जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा. एकेकटं पाहिलं तर दोन्ही निर्दोष. पण ऐन पावसाळ्यात पत्रे विकणाऱ्या दुकानाने सबंध दिवसात दुसऱ्या कुणाचं एकही बिल फाडू नये? दोन्ही मिळून १८,५०० होतात. एकच खरेदी दोन तुकड्यांत कापली होती. त्याने ठरावही टळला आणि एका दिवशी एकाला १०,००० वर रोख देऊ नये ही आयकराची अटही. हे दिसलं ते दुकानाचं नाव, बिल क्रमांक आणि रक्कम वेगळ्या रकान्यांत लिहिल्यामुळे. फोटोवर 'तपासले' असा शिक्का मारता येत नाही, त्यामुळे तेच बिल दोन व्हाउचरना लावलं तर पकडायलाही हीच नोंद कामाला येते.

एवढ्यावरून अहवालात 'अपहार' लिहायचं नसतं. मी न सांगता शाळेत गेले आणि सहा मूळ व्हाउचर काढायला लावली, त्यात ही दोन. बिलांच्या मागे डेड स्टॉक रजिस्टरचं पान लिहिलेलं होतं, त्या पानावर पत्र्यांची नोंद होती. मग मागच्या अंगणात जाऊन स्वयंपाकघराचं छप्पर पाहिलं. पत्रे नवे होते, बिलांत होते तेवढेच होते.

अहवालात तीन गोष्टी गेल्या: पैसे दिल्यानंतर घेतलेली आणि मागची तारीख टाकलेली मंजुरी, ठराव टाळण्यासाठी तोडलेली खरेदी, कोऱ्या व्हाउचरवरच्या सह्या. ४४० आणि ४४१ वर लिपिकाने माझ्यासमोर आडव्या रेघा मारून 'रद्द' लिहिलं. त्याचा फोटो मी डॉक्युमेंट म्हणून मागवून घेतला.