टाकीची पातळी आणि पाच कप्पे

वर्तुळाकार बफर, म्हणजेच सर्क्युलर बफर, ही मेमरीत आधीच राखून ठेवलेली ठरावीक लांबीची जागा असते. ती पूर्ण भरली की पुढचे रीडिंग सर्वांत जुन्या रीडिंगच्या जागी लिहिले जाते. त्यामुळे सेन्सर कितीही दिवस चालू राहिला, तरी जागा वाढत नाही आणि ताजी रीडिंग तेवढी हाताशी राहतात.

याची गरज छोट्या यंत्रांत लगेच जाणवते. आर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डावर चालू कामासाठी फक्त २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट मेमरी असते. एका रीडिंगला दोन बाइट लागतात. दर सेकंदाला एक रीडिंग साठवत गेल्यास, प्रोग्रामला दुसऱ्या कशासाठीही जागा लागत नाही असे धरले तरी, सतरा मिनिटांत मेमरी संपते.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. झाकणाच्या आतल्या बाजूला बसवलेला अल्ट्रासोनिक सेन्सर खाली ध्वनिलहरी सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून पाणी किती सेंटिमीटर खाली आहे ते कळते. टाकी भरत असताना पाणी हलते आणि एखादे रीडिंग भलतेच येते. म्हणून पंप चालू ठेवायचा की बंद करायचा, हे एका रीडिंगवर न ठरवता शेवटच्या पाचांच्या सरासरीवर ठरवलेले बरे. त्यासाठी पाच कप्प्यांचा अ‍ॅरे पुरतो:

```
int vachan[5];
int jaga = 0;
int sankhya = 0;

void nond(int navin) {
  vachan[jaga] = navin;
  jaga = (jaga + 1) % 5;
  if (sankhya < 5) sankhya++;
}
```

कप्प्यांचे क्रमांक ० ते ४. पुढचे रीडिंग कुठे लिहायचे ते `jaga` सांगते. सगळी किमया `% 5` मध्ये, म्हणजे पाचाने भागून उरणाऱ्या बाकीत आहे: ४ मध्ये १ मिळवले की ५ होतात, बाकी शून्य उरते आणि लेखन पुन्हा पहिल्या कप्प्यावर येते. मेमरी सरळ रेषेतच असते. वर्तुळ आहे ते या हिशेबात. सगळी रीडिंग एकेक घर मागे सरकवूनही हेच साधले असते, पण पाचशे कप्पे असतील तर दर वेळी ४९९ आकडे हलवावे लागतील. इथे एकच आकडा लिहिला जातो.

समजा, ८२, ८१, ८२, ८०, ८१ अशी रीडिंग आली. बेरीज ४०६, सरासरी ८१.२. सहावे रीडिंग ७९ आले, ते शून्याव्या कप्प्यातल्या ८२ वर लिहिले गेले. बेरीज पुन्हा पहिल्यापासून करायची गरज नाही: ४०६ मधून ८२ वजा करून ७९ मिळवले की ४०३, सरासरी ८०.६. सातवे ७८ पहिल्या क्रमांकाच्या कप्प्यात गेले. आता अ‍ॅरेत ७९, ७८, ८२, ८०, ८१ असे आकडे आहेत. याच क्रमाने आलेख काढला तर पाणी मध्येच चार सेंटिमीटर खाली गेल्यासारखे दिसते आणि दोष बिचाऱ्या सेन्सरला दिला जातो. बफर भरलेला असताना सर्वांत जुने रीडिंग `jaga` दाखवते तिथे असते. वाचायला तिथून सुरुवात करून शेवटच्या कप्प्यानंतर शून्यावर यायचे, म्हणजे ८२, ८०, ८१, ७९, ७८ हा खरा क्रम मिळतो.

याहून घातक चूक सुरुवातीच्या काही सेकंदांत होते. वीज येऊन बोर्ड सुरू होताच पाचही कप्प्यांत शून्य असते. पहिले रीडिंग ८२ आल्यावर सरळ पाचाने भागले तर सरासरी १६ येते, पुढे ३२, ४९, ६५ आणि पाचव्या रीडिंगला ८१. पाणी झाकणापासून फक्त १६ सेंटिमीटरवर आले, म्हणजे टाकी भरत आली, असे समजून पंप बंद होतो. टाकी मात्र रिकामीच असते. दर वेळी वीज आल्यावर आकडा पायरीपायरीने चढताना दिसला, की दोष इथेच आहे हे ओळखावे. वरच्या कोडमध्ये `sankhya` आहे ते यासाठीच: भागायचे ते पाचाने नव्हे, प्रत्यक्ष आलेल्या रीडिंगच्या संख्येने.

जुने पुसून नवे लिहिणे मात्र सगळीकडे चालत नाही. याच बोर्डाच्या सीरियल पोर्टवर येणारी अक्षरेही ६४ बाइटच्या वर्तुळाकार बफरमध्येच थांबतात. पण तिथे जुने अक्षर पुसले तर आधी आलेला संदेश सुरुवातीलाच तुटेल, म्हणून बफर भरल्यावर नवे अक्षरच सोडून दिले जाते. तिथे लिहिण्याची आणि वाचण्याची अशा दोन खुणा असतात. त्या एकाच कप्प्यावर आल्या तर बफर रिकामा आहे की गच्च भरला आहे हे कळणार नाही, म्हणून एक कप्पा मुद्दाम मोकळा ठेवतात आणि ६४ पैकी ६३ च वापरात येतात.