नकाराची वार्ता कशी सांगावी

सुवार्ता सांगावयास कोणीही पुढे सरसावतो; अप्रिय वार्ता सांगावयाची वेळ आली म्हणजे मात्र ज्याने बोलावयाचे तोच मनुष्य नेमका कोठेतरी कामात गुंतलेला असतो. ह्या दुसऱ्या प्रकारच्या वार्तेपैकी एका विशिष्ट वार्तेविषयी आज मी बोलणार आहे. दिवाळीला बोनस मिळेल अशी ज्यांना खात्री आहे त्या माणसांना, यंदा तो मिळणार नाही, हे कसे, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हा तो विषय.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ह्या बाबतीत बोलका आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या भरभराटीत गिरणीमालकांनी काही वर्षे ओळीने कामगारांना बोनस दिला आणि मग धंदा मंदावताच तो थांबविला. 1924 च्या जानेवारीत दीड लाखाहून अधिक कामगारांनी काम बंद केले आणि तो संप मार्चपर्यंत चालला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, हा बोनस कामगारांना हक्क म्हणून मागता येणार नाही, असा निर्णय दिला. कायद्याचा प्रश्न सुटला. पण माणसांच्या मनातील प्रश्न सुटला नाही. जे ओळीने चार वर्षे हाती पडते ते पाचव्या वर्षी देणगी राहत नाही. घरातील खर्चाच्या हिशेबात ते आधीच जमेस धरलेले असते. म्हणून बोनस नाकारणारा मनुष्य आपण एक उपकार मागे घेत आहोत अशा समजुतीने बोलतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र आपल्या घरातील काही नेले असे वाटते. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. तरुणपणी एका ओतीव कामाच्या कारखान्यात मी व्यवस्थापकाचा साहाय्यक होतो. एका वर्षी मालकांनी दिवाळीचा जादा बोनस रद्द केला आणि सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या चातुर्याने लिहिले : “अपरिहार्य कारणास्तव जादा बोनसचा प्रश्न तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.” शनिवारी सायंकाळी सुटीची घंटा होण्याच्या बेतात ती फळ्यावर लावली आणि मी घरी गेलो. सोमवारी सकाळी कारखान्यात तीन निरनिराळ्या बातम्या फिरत होत्या. बोनस नाताळात मिळणार, ही एक. अर्धाच मिळणार, ही दुसरी. आणि कारखाना विकला गेला, ही तिसरी. दिवाळी झाल्यावर एक वयस्क मोल्डर, ज्यांना सारे मामा म्हणत, माझ्याकडे आले. ‘स्थगित’ म्हणजे आज ना उद्या मिळणार, असे समजून त्यांनी मुलीच्या दिवाळसणासाठी पतपेढीतून कर्ज उचलले होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, नाही असं सरळ लिहिलं असतंत, तर मी पैसे उचलले नसते.”

माझ्या त्या एका गुळगुळीत शब्दाची किंमत मामांनी व्याजासह भरली. तेव्हापासून मी असे मानीत आलो आहे की, अप्रिय वार्तेचा पहिला धर्म गोड असणे हा नसून उपयोगी असणे हा आहे. ऐकणाऱ्याला ती कळताच स्वतःच्या घरचा निर्णय घेता आला पाहिजे.

आता आपण एक उदाहरण कल्पून ते शेवटपर्यंत नेऊ. एका कारखान्यात 40 माणसे आहेत. कायद्याने देय असलेल्या बोनसशिवाय प्रत्येकाला दिवाळीत 12,000 रुपये जादा देण्याचा प्रघात आहे. म्हणजे एकंदर 4,80,000 रुपये. यंदा एका मोठ्या गिऱ्हाइकाने काम काढून घेतले. ही रक्कम दिली तर पुढील दोन महिन्यांचे पगार वेळेवर होणार नाहीत. मालकांनी जादा बोनस न देण्याचे ठरविले आहे.

तोंड उघडण्यापूर्वी मालकांनी एक गोष्ट पक्की करावयास हवी : आपण नेमके काय रद्द करीत आहोत? सरकारने ठरविलेल्या मर्यादेपर्यंत वेतन असलेल्या आणि वर्षात निदान 30 दिवस काम केलेल्या कामगाराला किमान 8.33 टक्के बोनस, नफा झाला नसला तरीही, द्यावा लागतो. 1965 च्या कायद्यातील हा नियम 2019 च्या वेतन संहितेतही कायम आहे. नव्याने निघालेल्या कारखान्यांना आरंभीच्या वर्षांत काही सवलत आहे, एवढेच. तेव्हा हा भाग रद्द करता येत नाही. राहिला जादा भाग. तोही करारात लिहिलेला असेल, किंवा सणाच्या प्रथेने वर्षानुवर्षे एकसारखा चालत आला असेल, तर तो हक्क ठरू शकतो, असे न्यायालयांनी काही प्रकरणांत मानले आहे. म्हणून आधी कायदा जाणणाऱ्याचा सल्ला घ्यावा. आज ‘नाही’ म्हणून उद्या ‘द्यावेच लागते’ असे सांगण्याची पाळी आली, तर पुढे खरे बोललेलेही कोणी खरे मानीत नाही.

ह्यानंतर वेळ. निर्णय पक्का होण्यापूर्वी कुजबुज करू नये, आणि पक्का झाल्यावर एक आठवडाही दडवू नये. आपल्याकडे दिवाळीची खरेदी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते, उसनवारीची बोलणी त्याच्याही आधी होतात. म्हणून वार्ता गणेशोत्सव आटोपताच सांगितलेली बरी. खंडेपूजनाच्या दिवशी, हत्यारांना फुले वाहून झाल्यावर हे सांगणे म्हणजे सणात विष कालविणे होय. शनिवारची सायंकाळही टाळावी, कारण मग दीड दिवस शंकेला उत्तर देणारा कोणी नसतो. आठवड्याच्या मध्यावरची सकाळ घ्यावी, भट्टी पेटविण्यापूर्वीची. वितळलेल्या लोखंडाजवळ अस्वस्थ मनाची माणसे उभी करू नयेत. मुकादमांना तासभर आधी सांगावे, कारण लोक प्रथम त्यांनाच विचारतील. दुसऱ्या पाळीलाही त्याच दिवशी, त्याच माणसाने, त्याच शब्दांत सांगावे. आणि सांगणारा तो दिवसभर कारखान्यातच असावा.

आता शब्द. पहिल्याच वाक्यात वार्ता यावी. मालकांनी असे म्हणावे : “यंदाच्या दिवाळीला जादा बोनस मिळणार नाही. कायद्याने ठरलेला बोनस पूर्ण मिळेल आणि तो अमुक तारखेला हाती पडेल. आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. जादा बोनस दिला तर पुढचे दोन पगार वेळेवर देता येणार नाहीत. हा निर्णय माझा आहे.” एवढे बोलून थांबावे. पुढची शांतता अवघड वाटते. ती बोलून भरू नये. माणसे त्या वेळी मनात घरचा हिशेब करीत असतात.

सूर साधा असावा. आरंभी कामाची स्तुती करू नये, कारण मागाहून ‘नाही’ आले की ती स्तुती आमिषासारखी भासते. “आपण सारे एक कुटुंब” हे वाक्य तर त्या दिवशी उच्चारूच नये. आपल्याला झालेल्या दुःखाचे वर्णनही एका वाक्यापलीकडे नेऊ नये; ज्याचे 12,000 रुपये गेले त्याने मालकांचे सांत्वन करावे, असा प्रसंग आणू नये.

मग प्रश्न येतील, आणि खरी परीक्षा तेथेच आहे. पहिला प्रश्न बहुधा हा : “माणसे कमी करणार काय?” उत्तर ठाऊक असेल तर ते द्यावे. ठाऊक नसेल तर म्हणावे, “आज तसा निर्णय झालेला नाही. पुढे होणारच नाही, असे वचन मी देऊ शकत नाही. नवे काम मिळाले की नाही, ते 1 तारखेला येथेच सांगेन.” दुसरा प्रश्न : “होळीपर्यंत तरी मिळेल काय?” येथे ‘बघू’ हा शब्द घातक आहे, आपल्या कानांना तो सौम्य नकार वाटतो, समोरच्याला ते अर्धे वचन वाटते. मिळणार नसेल तर नाही म्हणावे. तिसरा प्रश्न कोणीतरी मागून विचारतो : “तुम्ही स्वतः काय सोडलेत?” मालकांनी काही सोडले असेल तर आकडा सांगावा; सोडले नसेल तर तेही कबूल करावे. ह्या प्रश्नाला दिलेले खोटे उत्तर हिशेबनिसाच्या टेबलावरून आठवड्याच्या आत बाहेर येते. काही प्रश्नांची उत्तरे, उदाहरणार्थ कोणा एकाच्या पगाराविषयीची, देता येत नाहीत. तेथे “हे मला सांगता येत नाही” असे म्हणावे. “मला ठाऊक नाही” असे म्हणू नये. दोहोंतील फरक लोकांना बरोबर कळतो.

वार्ता नीट पोचली की नाही, हे कसे ओळखावे? सभेत कोणी काही विचारले नाही म्हणून समाधान मानू नये. सभा मुकी आणि चहाच्या टपरीवर गर्दी, हे वाईट लक्षण. दोन दिवसांनी दोन निरनिराळ्या मुकादमांना विचारावे, “लोक काय समजले?” दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर वार्ता पोचली. दोन सांगितल्या तर पुन्हा सर्वांना जमवून तीच पाच वाक्ये बोलावी. आणि 1 तारखेचे वचन पाळावे. त्या दिवशी सांगण्यासारखे नवे काहीच नसले, तर “नवे काही नाही” हे सांगण्यासाठी तरी उभे राहावे.

ह्या साऱ्याला मर्यादा आहे, हे मी लपविणार नाही. चांगल्या शब्दांनी 12,000 रुपये भरून निघत नाहीत. ज्याने आधीच खर्च करून ठेवला आहे त्याला एकटे बोलावून त्याची अडचण ऐकावी. आणि उचल द्यावयाची असेल तर ती सर्वांना एकाच नियमाने द्यावी, मर्जीने नव्हे. तरीही काही माणसे रागावतील आणि काही सोडून जातील. तो राग नकाराबद्दल असेल तर तो सोसला पाहिजे. फसविल्याबद्दल मात्र तो असू नये, आणि तेवढे सांगणाऱ्याच्या हाती असते.

मामांचे ते कर्ज पुढे दीड वर्षाने फिटले. शेवटचा हप्ता भरल्याची पावती त्यांनी मला आणून दाखविली होती. ‘स्थगित’ हा शब्द त्यानंतर मी एकाही सूचनेत लिहिलेला नाही.