रिपोर्टमधला ‘अ‍ॅक्यूट’ आणि आपला ‘तीव्र’ : छातीच्या फोटोचा कागद कसा वाचावा

शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईच्या एका मावशींचा रिपोर्ट गेल्या महिन्यात आमच्यापर्यंत आला. वय अठ्ठावन्न. आयुष्य उसाच्या रानात गेलं, घरात अजून चूल आहे. तीन आठवडे खोकला जात नव्हता, म्हणून डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे, म्हणजे आपण ज्याला छातीचा फोटो म्हणतो तो, काढायला सांगितला. फोटो शिरूरला काढला, रिपोर्ट इंग्रजीत मिळाला आणि डॉक्टरांची पुढची भेट चार दिवसांनी होती. ते चार दिवस मावशींनी नीट जेवण केलं नाही.

कारण असं झालं, की अकरावीतल्या नातवाने शब्दकोश काढून शेवटची ओळ लावली. ‘नो अ‍ॅक्यूट अ‍ॅब्नॉर्मॅलिटी’. अ‍ॅक्यूट म्हणजे तीव्र, अ‍ॅब्नॉर्मॅलिटी म्हणजे बिघाड. तीव्र बिघाड नाही. मावशी म्हणाल्या, “म्हंजे थोडा हायेच की! मोठा नाय एवढंच लिवलंय.” त्यातच रिपोर्टमध्ये वर कुठेतरी ‘ग्रॅन्युलोमा’ असा शब्द होता. मावशींच्या थोरल्या भावाला वीस-बावीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता आणि तेव्हा सगळे एकाच घरात राहत होते. मनात काय काय आलं असेल ते सांगायला नको.

नातवाचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. शब्दकोशात ‘तीव्र’ हाच अर्थ आहे. पण डॉक्टरांच्या भाषेत अ‍ॅक्यूट हा शब्द मुख्यतः काळाबद्दल बोलतो. अ‍ॅक्यूट म्हणजे नवा, नुकताच उद्भवलेला, ज्याच्यासाठी आत्ता धावपळ करावी लागेल असा. त्याच्या उलट शब्द ‘सौम्य’ नाही, तर ‘क्रॉनिक’, म्हणजे जुना, मुरलेला. तेव्हा त्या ओळीचा मराठी अर्थ असा लावायचा : “या फोटोत छातीत नव्याने झालेला, तातडीने उपचार करावा लागेल असा कोणताही आजार दिसत नाही.” ही चांगली बातमी आहे.

आता तपासणारा डॉक्टर नेमकं काय शोधत असतो ते पाहू. फोटोत हवा काळी दिसते, हाड पांढरं दिसतं. निरोगी फुप्फुस हवेने भरलेलं असतं म्हणून काळपट दिसतं. न्यूमोनिया झाला तर त्या जागी पांढरट ढग दिसतो. छातीत पाणी झालं तर ते खाली साचतं आणि फुप्फुसाचा बरगडीजवळचा खालचा टोकदार कोपरा बोथट होतो. रिपोर्टमध्ये ‘कॉस्टोफ्रेनिक अँगल क्लिअर’ लिहिलेलं असतं ते याच कोपऱ्यांबद्दल. फुप्फुसाबाहेर हवा शिरून ते आकसलं आहे का, हृदय छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठं दिसतं का, हेही पाहतात. यातलं काही नसेल तर शेवटी ती ओळ येते.

मग नुसतं ‘नॉर्मल’ का लिहीत नाहीत? कारण बऱ्याच माणसांच्या फोटोत जुन्या खुणा असतात. पाठीच्या मणक्याची झीज असते, कधीकाळी मोडून जुळलेली बरगडी असते. डॉक्टरला त्या दिसतात, तो नोंद करतो, पण त्या आजच्या खोकल्याचं कारण नाहीत हेही त्याला सांगायचं असतं. म्हणून तो जपून शब्द वापरतो.

मावशींच्या रिपोर्टमध्ये तेच होतं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’. पूर्वी कधीतरी जंतू आत गेले, शरीराने त्यांना गाठीत कोंडलं आणि वर्षानुवर्षांत त्या गाठीत चुना जमून ती कडक झाली. ओल्या जखमेवर खपली धरून पुढे वण राहतो, तसाच हा वण. आपल्याकडे याचं सर्वांत नेहमीचं कारण टीबीचे जंतू हेच आहे. ते भावाकडून आले असतील किंवा दुसरीकडून, आज सांगता येत नाही. पण ‘कॅल्सिफाइड’ हा शब्द जुनं, शांत झालेलं असं सांगतो. त्या वणातून दुसऱ्याला लागण होत नाही. मावशींनी नातवंडांची ताटं-वाट्या वेगळ्या केल्या होत्या, त्याची काहीच गरज नव्हती. तसं पाहिलं तर टीबी ताटावाटीतून पसरतच नाही. तो पसरतो खोकल्यातून, हवेतून.

एवढं कळल्यावर मावशींचा चेहरा उजळला आणि त्या म्हणाल्या, “मंग आता डाक्टरकडं जायाची गरज नाय.” इथे मात्र आम्हाला त्यांना थांबवावं लागलं.

त्या ओळीत ‘या फोटोत दिसत नाही’ एवढंच म्हटलेलं असतं. फोटो काढणाऱ्याने मावशींचा खोकला ऐकलेला नसतो, छातीला नळी लावलेली नसते. दमा असलेल्या माणसाचा फोटो बहुतेक वेळा स्वच्छच येतो, कारण तिथे श्वासनलिका आवळतात आणि ते चित्रात उमटत नाही. धुराने किंवा विडीने झालेला श्वासाचा विकार सुरुवातीला दिसत नाही. न्यूमोनियाचा ढग पहिल्या एक-दोन दिवसांत नसूही शकतो. हृदयामागे आणि खाली पोटाच्या पडद्याआड फुप्फुसाचा काही भाग झाकलेला असतो, तिथली लहान गाठ निसटू शकते. हृदयविकाराचा झटका तर फोटोवरून ओळखतच नाहीत, त्यासाठी ईसीजी लागतो.

आणि टीबीचं म्हणाल, तर दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर फोटो चांगला आला तरी बेडका तपासायचा असतो. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. त्यात एक गोष्ट नेहमी चुकते. लोक डबीत थुंकी देतात. थुंकी चालत नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला घट्ट बेडका लागतो. तो उघड्या हवेत, इतरांपासून लांब उभं राहून काढावा.

मावशींनी तसा बेडका दिला. त्यात टीबीचे जंतू निघाले नाहीत. डॉक्टरांनी छाती तपासली तेव्हा श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज आला. मग नळीत जोराने फुंकायची तपासणी झाली आणि श्वासनलिका आवळलेल्या आहेत हे कळलं. कारण बहुधा चुलीचा धूर. आता तोंडाने ओढायचं औषध सुरू आहे. म्हणजे रिपोर्ट खरा होता आणि मावशींचा खोकलाही खरा होता.

तुमच्या हातात असा कागद असेल तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : जुनी खूण लिहिली असेल तर तिच्यासाठी पुन्हा फोटो लागेल का, आणि माझा त्रास कशामुळे आहे असं तुम्हाला वाटतं. पूर्वीचा फोटो घरात असेल, ट्रंकेत गुंडाळून ठेवलेला का असेना, तो सोबत न्या. तीच खूण काही वर्षांपूर्वी तेवढीच होती हे दिसलं, की पुढच्या पुष्कळ तपासण्या वाचतात. नव्या फोटोची फिल्मही सांभाळून ठेवा, नुसता कागद नको.

भेटीची तारीख येईपर्यंत ताप चढला, वजन उतरू लागलं किंवा रात्री घामाने अंथरूण भिजू लागलं तर तारखेची वाट पाहू नका. आणि बसल्या जागी धाप लागली, बेडक्यातून रक्त पडलं, छातीत दाबल्यासारखं दुखून कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.