उलटणारा ताप

१८७७ साली दख्खनमध्ये दुष्काळ होता आणि गावं सोडून माणसं मुंबईत येत होती. त्याच सुमारास शहरात एका चमत्कारिक तापाची साथ पसरली. पाच-सहा दिवस अंग भाजून निघायचं, मग दरदरून घाम फुटायचा आणि काही तासांत ताप साफ उतरायचा. रोगी उठून बसायचा, खायला मागायचा. आठवडाभराने पुन्हा तोच ताप. ‘दुखणं उलटलं’ असं आपण म्हणतो. इथे ते जवळपास ठरल्या दिवशी उलटायचं.

ग्रँट मेडिकल कॉलेजातले डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर (‘ग्रेज अ‍ॅनॅटमी’तली चित्रं काढणारे तेच) या रुग्णांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. ताप चढलेला असताना रक्तात मळसूत्रासारखे पीळदार जंतू वळवळताना दिसत. ताप उतरला की दिसेनासे होत, उलटला की पुन्हा हजर. असेच जंतू ओटो ओबरमायर यांनी बर्लिनमध्ये आधी पाहिले होते. पुढे १९०७ मध्ये नाशिकच्या एका मिशन वसाहतीत साथ आली, तेव्हा कपड्यांच्या शिवणीत राहणारी ऊ हा रोग पसरवते असं मॅकी यांच्या तपासात दिसलं. जंतूचं आजचं नाव बोरेलिया.

पण एक कोडं उरलंच. एकदा या जंतूंचा फडशा पाडणारं शरीर आठवड्याने त्यांच्यापुढे हतबल का होतं?

याचं उत्तर मिळालं ते उवेच्या नव्हे, गोचिडीच्या बोरेलियाकडून. अमेरिकेच्या डोंगराळ भागात बोरेलिया हर्मसाय नावाची जात आहे. तिच्या अंगावर एका प्रथिनाचा दाट थर असतो. आपली प्रतिपिंडं तयार होतात ती मुख्यतः या थराविरुद्ध, आणि ती एकदा चिकटली की जंतूचा निकाल लागतो. मात्र या प्रथिनाचा एकच नमुना जंतूकडे नसतो. त्याच्या जनुकसंचात अशा नमुन्यांच्या डझनावारी प्रती मुक्या पडून असतात. बोलकी जागा मात्र एकच, एका लांबट प्लाझ्मिडच्या टोकाशी. मुक्या प्रतींपैकी एखादीची नक्कल त्या जागी उतरली की जुना नमुना पुसला जातो आणि जंतू नव्या प्रथिनाचा थर चढवतो. माँटानातल्या प्रयोगशाळेत १९८२ मध्ये स्टोएनर आणि सहकाऱ्यांनी एकाच जंतूपासून वाढवलेल्या संततीत असे २४ वेगवेगळे नमुने मोजले.

याला बहुरूपी म्हणण्याचा मोह होतो, पण बहुरूपी समोरचा माणूस बघून सोंग घेतो. बोरेलियाला प्रतिपिंडांचा पत्ताही नसतो. दर पिढीत हजार ते दहा हजार जंतूंमागे एखादा आपोआप बदलतो, एवढंच. आता हिशोब करा. ऐन तापात रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये एक कोटी जंतू धरले, तर त्यांत निदान हजारभर बदललेले असणार, आणि तेही प्रतिपिंडं पोचण्याआधीच. प्रतिपिंडं येतात, जुन्या नमुन्याचे जंतू मारले जातात, ताप उतरतो. सूक्ष्मदर्शकात सापडू नयेत इतके थोडे उरलेले मात्र वाढत राहतात. दुप्पट व्हायला सात तास लागतात असं मानलं, तर एकाचे कोटभर व्हायला सुमारे २४ वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे सात दिवस. तापांमधलं अंतरही साधारण तेवढंच असतं.

सगळेच जंतू असा खटाटोप करत नाहीत. न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस शर्करेच्या बुळबुळीत कवचात बसतो. त्यावर पांढऱ्या पेशींची पकड बसत नाही. त्या कवचाला नेमकी प्रतिपिंडं चिकटली की पकड बसते, पण कवचाचे प्रकार शंभरावर आहेत, म्हणून एका लसीत अनेक प्रकार घालावे लागतात. गळवं करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर प्रतिपिंडालाच धरतो, आणि मला सगळ्यांत धूर्त वाटतो तो हाच. प्रतिपिंड इंग्रजी वायसारखं असतं: दोन हातांनी जंतूला धरायचं आणि शेपटी बाहेर ठेवायची, म्हणजे ती पकडून पांढरी पेशी जंतूला गिळते. या जंतूचं ‘प्रोटीन ए’ शेपटीच पकडतं. प्रतिपिंड उलटं अडकतं, हात हवेत राहतात आणि पेशीला धरायला काहीच उरत नाही. प्रयोगशाळांनी मात्र ही युक्ती उचलली. औषधी प्रतिपिंडं गाळून शुद्ध करायला आज हेच प्रोटीन ए वापरतात.

बोरेलियाच्या तापावर पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन ही साधी औषधं चालतात, कारण त्यांचा मारा बदलत्या थरावर नसतोच. फक्त पहिल्या डोसनंतर काही तासांत जंतू एकदम फुटतात, ताप आणि हुडहुडी वाढते, रक्तदाबही घसरू शकतो. म्हणून रुग्णावर लक्ष ठेवावं लागतं. आणि निदानासाठी रक्त घ्यायचं ते ताप अंगात असतानाच. उतरल्यावर घेतलेल्या थेंबात बहुधा काहीच सापडत नाही.