दोन दिवस आणि दीड वर्ष

जून 2022 मध्ये एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेला गेले. तेव्हा विधानसभेच्या अध्यक्षांची जागा रिकामी होती आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत होते. 25 जूनला त्यांनी 16 आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा बजावल्या आणि 27 तारखेच्या संध्याकाळपर्यंत उत्तर मागितले. सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत 12 जुलैपर्यंत वाढवली, पण त्याआधीच सरकार बदलले. 3 जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले आणि याच वादाचा निकाल 10 जानेवारी 2024 रोजी लागला. एका अधिकाऱ्याने उत्तराला दोन दिवस दिले, दुसऱ्याने निकालाला दीड वर्ष लावले.

हे घडू शकते, कारण कायद्यात मुदतच नाही. 1985 साली राज्यघटनेत आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार आमदाराने स्वेच्छेने पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडून मतदान केले, तर तो अपात्र ठरतो. पक्ष सोडण्यासाठी लेखी राजीनामाच लागतो असे नाही, वागण्यावरूनही ते ठरवता येते. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर संरक्षण मिळे. 2003 च्या घटनादुरुस्तीने ही पळवाट बुजवली. आता उरले आहे ते दुसऱ्या पक्षातील विलीनीकरण आणि त्याला दोन तृतीयांश आमदार लागतात. शिंदे गटाने विलीनीकरण केलेच नाही. आम्हीच मूळ शिवसेना, असा त्याचा दावा होता.

निर्णय मात्र पीठासीन अधिकाऱ्याचा, आणि तो बहुधा सत्ताधारी पक्षातूनच निवडून आलेला असतो. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला लवादाचा दर्जा दिला. निकाल लागल्यावर तो न्यायालयात तपासता येतो, पण निकालच दिला नाही तर तपासायचे काय? मला कायद्यातील सर्वांत मोठे भोक हेच वाटते.

11 मे 2023 रोजी घटनापीठाने प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे, असे सांगून भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. अपात्रतेचा निर्णय मात्र अध्यक्षांकडेच ठेवला आणि तो ‘वाजवी काळात’ द्यायला सांगितले. महिने गेले, तेव्हा न्यायालयाला तारीखच ठरवून द्यावी लागली. अखेर नार्वेकरांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली आणि दोन्ही गटांतील एकाही आमदाराला अपात्र केले नाही. तोवर विधानसभेची मुदत संपायला एक वर्षही उरले नव्हते.

2020 मधील मणिपूरच्या खटल्यात न्यायालयाने साधारण तीन महिन्यांची मर्यादा सुचवली होती आणि हे काम स्वतंत्र लवादाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असेही म्हटले होते. जुलै 2025 मध्ये तेलंगणाच्या अध्यक्षांनाही तीन महिन्यांची मुदत द्यावी लागली. दर वेळी न्यायालयाचे दार ठोठावायला लागू नये, म्हणून ही मुदत संसदेने परिशिष्टातच लिहायला हवी.