नऊ वर्षांचा शिलकी माल

धार जिल्ह्यात, माही नदीच्या काठी सरदारपूर आहे. तिथल्या शेती-औषधांच्या एका दुकानात कीटकनाशकांचा उग्र वास दारातूनच नाकात शिरतो. दुकानाचा हिशेब सांभाळणारा तरुण तिशीतला आहे. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी माळवी. दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्याच्या दोन फायली आहेत, एक दुकानाच्या स्टॉकची आणि दुसरी त्याच्या व्हिडिओ गेम्सची. दोन्हींत रकाने जवळपास सारखेच आहेत हे कळलं, म्हणून ही भेट.

गेम्सच्या फाईलमध्ये सुरुवातीला 312 ओळी होत्या. स्टीम, एपिक, गॉग आणि प्लेस्टेशन अशा चार ठिकाणचा माल. एपिकच्या दुकानाने डिसेंबर 2018पासून फुकट गेम्स द्यायला सुरुवात केली, पहिला होता ‘सबनॉटिका’. तेव्हापासून न खेळता नुसते घेऊन ठेवलेले गेम्स साचत गेले. पहिली यादी करताना त्याने प्लेनाइट या मोफत प्रोग्रॅममधून नावं गोळा केली आणि पुढचं सगळं साध्या स्प्रेडशीटमध्ये हाताने केलं.

पहिला घोळ नावांचा. सप्टेंबर 2019मध्ये एपिकने बॅटमॅनचे अर्कम मालिकेतले गेम्स एका आठवड्यासाठी फुकट दिले होते. याने ते घेतले आणि विसरला. दोन वर्षांनी सवलतीत त्यातलाच एक स्टीमवर विकत घेतला. यादीत दोन्ही ओळी होत्या, पण एका नावापुढे Game of the Year Edition असं शेपूट होतं, दुसऱ्यापुढे नव्हतं. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे गेम्स. म्हणून त्याने B हा जादा रकाना घातला. त्यात आवृत्तीचं शेपूट नाही, ™सारखी चिन्हं नाहीत, फक्त मूळ नाव. शेजारी एवढंच सूत्र:

```
=COUNTIF(B:B,B2)
```

उत्तर 1पेक्षा जास्त आलं की तोच गेम आणखी कुठेतरी आहे. अशा 44 जादा ओळी निघाल्या, उरले 268. त्यातले 34 पूर्ण झालेले. म्हणजे 234 बाकी.

“सरासरी बारा तास धरा, दादा,” तो म्हणाला. “आठवड्याला मला सहा तास मिळतात. 468 आठवडे. नऊ वर्षं!”

नऊ वर्षं. तीही एकही नवा गेम न घेता.

पुढचा रकाना मात्र थेट दुकानातून आलेला आहे: मुदत. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते आणि ज्याची आधी संपते तो माल पुढे मांडतात. गेम्सचंही त्याने तसंच केलं. गॉगचा गेम इन्स्टॉलरसकट उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येतो, तिथे मुदत कोरी. स्टीम आणि एपिकचे खात्यावर राहतात, तिथे ‘खातं’. प्लेस्टेशनच्या वर्गणीतून दर महिन्याला मिळालेले गेम्स वर्गणी चालू आहे तोवरच उघडतात, म्हणून तिथे वर्गणी संपायची तारीख. आता खेळायचं काय, हे ठरवताना तो या रकान्याने ओळी लावतो. लोकप्रियतेच्या क्रमापेक्षा हा क्रम फार शहाणा आहे.

तरी सगळ्यात मोलाचा रकाना शेवटचा, ‘कुठे थांबलो’. ‘सबनॉटिका’पुढे लिहिलं होतं: “एपिक, पीसी. अरोरा जहाजातली किरणोत्सर्गाची गळती बंद केली. सीमॉथ तळाजवळ उभी. आणखी खोल जायला तिला डेप्थ मॉड्यूल हवं.” मध्ये पाच महिने गेले होते. ही टीप नसती तर समुद्रातल्या त्या तळापाशी पुढे काय करायचं तेच आठवलं नसतं आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला असता. अर्धवट गेम्स बहुतेक असेच मरतात, कंटाळ्याने नव्हे, विसरण्याने. ‘एपिक, पीसी’ हे दोन शब्दही लागतात, कारण तिथली प्रगती प्लेस्टेशनवर आपोआप जात नाही.

याहून जास्त रकाने त्याने ठेवले नाहीत. एकदा गुण, निर्माता, साल, चित्र असं सगळं भरायला घेतलं होतं. तीन रविवार त्यातच गेले, खेळ शून्य. ते रकाने पुसले.

मग दिवाळीच्या आवराआवरीत त्याने 150 ओळींपुढे ‘सोडला’ लिहिलं. ओळी पुसल्या नाहीत, कारण पुसलेला गेम सवलतीत पुन्हा विकत घेतला जातो. बाकी राहिले 84. त्याच हिशेबाने 168 आठवडे, नऊ वर्षांची सव्वातीन वर्षं झाली.

दुकान बंद झाल्यावर, अंगाला औषधाचा वास तसाच घेऊन, तो ‘राजी’ खेळायला बसला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020मध्ये आणलेला हा छोटा गेम, साधारण पाच तासांचा. शेवटचा टप्पाच बाकी होता. साडेदहाला तो संपला. त्याने फाईल उघडली, ओळीपुढे ‘पूर्ण’ लिहिलं आणि तारीख घातली.

बाकी 83.