शनिवारचा रकाना

लातूरमध्ये वेळापत्रक फार गांभीर्यानं घेतलं जातं. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झालं. शाळा किती वाजता सुटते आणि शिकवणी किती वाजता लागते, हे इथं सातवी-आठवीच्या घरातही तोंडपाठ असतं. अहमदपूर, निलंगा, उदगीरकडून किंवा शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड, कंधारकडून मूल शहरात ठेवलेले पालक हे वेळापत्रक मोबाइलवरच पाहतात. आणि मोबाइलवर बहुतेक वेळा येतो तो फळ्यावरच्या किंवा छापील कागदाचा फोटो.

डोळस माणसाचं त्यावर कसंबसं भागतं. बोटांनी मोठं करून तो वाचतो. ज्याला दिसत नाही, त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्रॅम, अशा फोटोसमोर फार तर ‘चित्र’ एवढंच म्हणतो. म्हणून शाळेच्या संकेतस्थळावर वेळापत्रक खऱ्या तक्त्याच्या रूपात, एचटीएमएलमध्ये असायला हवं. पण तक्ता टाकला म्हणजे काम झालं, असंही नाही. तो कानानं वाचता येईल की नाही, हे शीर्षकांवर ठरतं.

तक्ता वाचताना आपण नकळत एक गोष्ट करतो. ‘गणित’ या शब्दावर नजर पडली की ती वर जाऊन वार पाहते, डावीकडे जाऊन तासिका पाहते आणि मगच त्या शब्दाला अर्थ येतो. कानाला असं वर आणि डावीकडे जाता येत नाही. कोणतं घर कोणाचं शीर्षक आहे, हे तक्त्यातच लिहून ठेवावं लागतं. साध्या घरासाठी `td` हा टॅग असतो, शीर्षकाच्या घरासाठी `th`. ते शीर्षक खालच्या रकान्याचं की शेजारच्या ओळीचं, हे `scope` सांगतं: रकान्यासाठी `col`, ओळीसाठी `row`. ही सोय नवी नाही. १९९७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या एचटीएमएल ४.० पासून ती आहे.

इयत्ता आठवी, तुकडी अ यांचं एक नमुना वेळापत्रक घेऊ. शाळा पावणेअकराला भरते, परिपाठानंतर अकराला पहिली तासिका सुरू होते, तासिका पस्तीस मिनिटांची. तक्त्याची सुरुवात अशी होईल:

```html
<table lang="mr">
<caption>इयत्ता ८ वी, तुकडी अ: सोमवार ते शुक्रवार</caption>
<thead>
<tr>
  <th scope="col">तासिका व वेळ</th>
  <th scope="col">सोमवार</th>
  <th scope="col">मंगळवार</th>
  <!-- शुक्रवारपर्यंत असेच -->
</tr>
</thead>
<tbody>
<tr>
  <th scope="row">तासिका १, ११:००</th>
  <td>गणित</td>
  <td>विज्ञान</td>
  <!-- पुढची घरं -->
</tr>
</tbody>
</table>
```

`caption` म्हणजे तक्त्याचं नाव. ते `table` उघडल्यावर लगेच, सर्वांत आधी यावं लागतं. अनेक जण त्याऐवजी तक्त्याच्या वर ठळक अक्षरांत एक ओळ लिहून मोकळे होतात. दिसायला फरक पडत नाही, पण त्या ओळीचं तक्त्याशी नातं जुळत नाही. एकाच पानावर आठवी अ, आठवी ब आणि नववीची वेळापत्रकं असली, तर स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी एका तक्त्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतो. उडी कुठं पडली हे त्याला नावावरूनच कळतं. म्हणून नावात इयत्ता, तुकडी आणि वार असावेत. वेळापत्रक कधीपासून लागू आहे, हेही त्यात असलं तर उत्तम. मराठवाड्यात उन्हाळ्यात शाळा सकाळची होते आणि जुनं वेळापत्रक पानावर तसंच राहतं. नावात तारीख असेल तर ते जुनं आहे हे ऐकणाऱ्याला पहिल्याच वाक्यात समजतं.

वरच्या नमुन्यात शनिवार घेतलेला नाही. त्याचं कारण सांगायला हवं, कारण वेळापत्रकाची खरी गोम तिथंच आहे. आपल्याकडे अनेक शाळा शनिवारी सकाळी भरतात आणि अर्धाच दिवस चालतात. छापील वेळापत्रकात मात्र शनिवार हा सहावा रकाना म्हणून सोमवार-मंगळवारच्या रांगेत बसवलेला असतो आणि खाली तारांकन करून ‘शनिवारी सकाळी ७:३० पासून’ अशी टीप असते. डोळस मूल ती टीप पाहतं आणि मनातल्या मनात वेळ बदलून घेतं. पण `scope="row"` लावलेलं ‘तासिका १, ११:००’ हे शीर्षक त्या ओळीतल्या प्रत्येक घराला लागू होतं, शनिवारच्याही. शनिवारच्या घरावर आलेल्या विद्यार्थ्याला ऐकू येतं की पहिली तासिका अकरा वाजता आहे. टॅग सगळे बरोबर, तपासणीत एकही चूक नाही, आणि माहिती मात्र साडेतीन तासांनी चुकीची.

म्हणून टॅग लिहिण्याआधी प्रत्येक शीर्षकाला एक प्रश्न विचारावा: हे आपल्या ओळीतल्या किंवा रकान्यातल्या सगळ्या घरांबाबत खरं आहे का? नसेल, तर दोन वाटा आहेत. शीर्षकातून वेळ काढून नुसतं ‘तासिका १’ ठेवायचं आणि वेळा वेगळ्या द्यायच्या. किंवा शनिवारचा स्वतंत्र तक्ता करायचा, त्याला स्वतःचं `caption` द्यायचं. दुसरी वाट सरळ आहे. पाच वारांचा तक्ता स्वच्छ राहतो. शिवाय शनिवारच्या रकान्यात दुपारच्या तासिकांसमोर रिकामी राहणारी घरं नाहीशी होतात. रिकाम्या घरावर कानाला फक्त शांतता मिळते. सुट्टी आहे, माहिती भरायची राहिली आहे की विषय ठरलेला नाही, हे त्यातून कळत नाही.

दुसरी अडचण जोडलेल्या घरांची. मधल्या सुट्टीची ओळ सोपी आहे, कारण सुट्टी पाचही वारांना एकाच वेळी असते. चौथी तासिका १:२० ला संपते, म्हणून ती ओळ अशी:

```html
<tr>
  <th scope="row">मधली सुट्टी, १:२०</th>
  <td colspan="5">शालेय पोषण आहार</td>
</tr>
```

इथं मराठी कळफलक वापरणाऱ्यांची एक चूक हमखास होते. मजकुरात ‘१:२०’ लिहून झालं की बोट तसंच पुढं चालतं आणि `colspan="५"` लिहिलं जातं. ब्राउझरला त्या जागी फक्त 5 हा आकडा कळतो. देवनागरी ५ तो सोडून देतो आणि घर एकाच रकान्याचं राहतं. सोमवारी पोषण आहार आणि उरलेला आठवडा मोकळा, असा तक्ता दिसला तर आधी हे पाहावं. वर्डमधून मजकूर उचलला तर वळणदार अवतरणचिन्हं येतात, त्यांनीही `scope` निकामी होतो. पडद्यावर मात्र तेव्हा काहीच बिघडलेलं दिसत नाही, त्यामुळे ही चूक जास्त दिवस टिकते.

उभी जोडणी अधिक फसवी आहे. बुधवारी पाचवी आणि सहावी तासिका मिळून विज्ञानाचं प्रात्यक्षिक आहे असं समजा. पाचव्या तासिकेच्या ओळीत `rowspan="2"` देऊन ते घर खाली वाढवता येतं. मग सहाव्या तासिकेच्या ओळीत बुधवारची जागा आधीच भरलेली असते, तिथं पाचऐवजी चारच घरं लिहायची असतात. हे विसरून पाच लिहिली, तर जास्तीचं घर गुरुवारखाली जातं, गुरुवारचा विषय शुक्रवारखाली आणि शुक्रवारचा तक्त्याच्या बाहेर, शीर्षक नसलेल्या सातव्या रकान्यात. उजव्या कडेला एक घर बाहेर डोकावताना दिसलं की ओळखावं, वरच्या ओळीत कुठंतरी जोडणी आहे. वेळापत्रकात तर ही उभी जोडणी टाळलेलीच बरी. दोन्ही घरांत ‘विज्ञान प्रात्यक्षिक’ असं पुन्हा लिहावं. शाई वाया जात नाही, आणि सहाव्या तासिकेवर आलेल्या विद्यार्थ्याला तिथंच उत्तर मिळतं.

नांदेडला आणखी एक प्रश्न येतो. तिथं उर्दू माध्यमाच्या शाळा पुष्कळ आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे तासिकांचा रकाना उजव्या कडेला हवा. काही जण त्यासाठी सगळी घरं उलट्या क्रमानं लिहितात. तसं केलं की दिसतं बरोबर, पण शुक्रवार आधी आणि सोमवार शेवटी वाचला जातो. त्याची काहीच गरज नाही. `table` ला `lang="ur"` आणि `dir="rtl"` दिलं की ब्राउझर रकाने स्वतःच उजवीकडून मांडतो. लिहिण्याचा क्रम तासिका, सोमवार, मंगळवार असाच राहतो. `scope` ला डावं-उजवं माहीत नसतं, फक्त ओळ आणि रकाना माहीत असतो. त्यामुळे एकाच शाळेचं मराठी आणि उर्दू वेळापत्रक एकाच सांगाड्यावर उभं राहतं.

जुन्या फाइली वापरताना फॉन्टकडे लक्ष हवं. युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं वेळापत्रक दिसायला मराठी असलं, तरी आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. असा मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कोणतंही शीर्षक उपयोगी नाही.

तक्ता झाला की तो ऐकून तपासावा. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर चालतो. तो सुरू करून पानावर `T` दाबलं की पुढच्या तक्त्यावर जाता येतं. तिथं नाव, ओळी आणि रकाने ऐकू आले पाहिजेत. मग `Ctrl` आणि `Alt` दाबून धरून बाणांच्या कळांनी एकेका घरात फिरावं. सोमवारच्या गणितावरून उजवीकडे गेलात तर ‘मंगळवार’ आणि ‘विज्ञान’ ऐकू येईल. तासिका बदललेली नाही म्हणून ती पुन्हा सांगितली जात नाही. खाली गेलात तर ‘तासिका २, ११:३५’ आणि विषय ऐकू येईल. शीर्षक ऐकूच आलं नाही, तर त्या जागी `th` ऐवजी ठळक केलेलं `td` आहे असं समजावं. एक्सेलमधून आणलेल्या तक्त्यांत हे सर्रास आढळतं: अक्षरं जाड, मागे निळा रंग, आणि आत सगळी घरं सारखीच.

`scope` न लिहिताही साधे तक्ते बहुतेक वेळा नीट वाचले जातात, कारण जागा पाहून ब्राउझर अंदाज बांधतो. पण वेळापत्रकात वर वार आणि डावीकडे तासिका अशी दोन्हीकडून शीर्षकं असतात, मध्ये सुट्टीची आडवी ओळ येते. तिथं हा अंदाज चुकायला वाव असतो. प्रत्येक शीर्षकामागे दहा-बारा अक्षरं लिहिली की तो उरत नाही.

दिव्यांगांना माहिती सुलभ स्वरूपात मिळावी, हे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुलभतेचे नियम नुसते मार्गदर्शक न राहता बंधनकारक असावेत, असं सांगितलं. शाळेच्या पातळीवर त्याची सुरुवात करायला वेगळा निधी लागत नाही. फोटो हटवून तक्ता घालावा, त्याला नाव द्यावं, शीर्षकांना `th` आणि `scope` लावावं, आणि शनिवार वेगळा करावा.